सर्व्हायव्हल कर्व्हची स्लाइड: आलेख झाकून करायची तयारी

सर्व्हायव्हल कर्व्हची स्लाइड तुम्हाला मांडायची असो किंवा दुसऱ्याने मांडलेली वाचायची असो, तयारीला बसताना आलेख आधी झाकून ठेवा. पायऱ्या-पायऱ्यांची ती रेघ एकदा डोळ्यांत बसली की तक्ता नीट वाचलाच जात नाही. आधी तक्ता, कागद आणि पेन्सिल घ्या. सरावासाठी मी नेहमी एकच तक्ता देतो. तो छोटा आहे, खरा आहे आणि या विषयातले जवळजवळ सगळे खाचखळगे त्यात आहेत. १९६३ साली फ्रायराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातले ४२ रुग्ण या तक्त्यात आहेत, २१ जणांना ६-मर्कॅप्टोप्युरीन आणि २१ जणांना प्लासिबो. औषधाच्या गटातले कालावधी आठवड्यांत असे: ६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+. प्लासिबोच्या गटातले असे: १, १, २, २, ३, ४, ४, ५, ५, ८, ८, ८, ८, ११, ११, १२, १२, १५, १७, २२, २३.

पहिली नोंद करायची ती इव्हेंट कोणता याची. नावात सर्व्हायव्हल आहे म्हणून मृत्यू धरून चालू नका. इथे घड्याळ सुरू होते ते रुग्ण रेमिशनमध्ये, म्हणजे आजार दबलेला असताना, आणि इव्हेंट म्हणजे आजार उलटणे. म्हणजे ‘मीडियन सर्व्हायव्हल २३ आठवडे’ असे स्लाइडवर लिहिले असेल, तर त्याचा अर्थ रुग्ण २३ आठवडे जगले असा होत नाही. घड्याळ कुठून सुरू झाले आणि कशाने थांबले, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

दुसरे काम अधिकच्या चिन्हाचे, आणि इथे घाई नको. १७+ म्हणजे त्या रुग्णाला १७ आठवडे पाहिले, तोवर आजार उलटला नव्हता, पुढचे आपल्याला ठाऊक नाही. हेच सेन्सॉरिंग. ती गाळलेली नोंद नव्हे आणि अपयशही नव्हे. ‘निदान १७ आठवडे तरी ठीक’ एवढी पक्की माहिती तिच्यात आहे. औषधाच्या गटात अशा १२ नोंदी आहेत आणि इव्हेंट फक्त ९. प्लासिबोच्या गटात अधिकचे एकही चिन्ह नाही, सगळ्या २१ जणांचा आजार उलटलेला दिसला. हा फरक आलेख उघडण्यापूर्वीच टिपून ठेवा.

आता मुद्दाम चुकीच्या वाटेने जाऊन पाहा. एका सेमिनारमध्ये एका विद्यार्थिनीने हाच तक्ता लावला आणि औषधाच्या गटाचा मीडियन १६ आठवडे सांगितला. तिने अधिकची चिन्हे सोडून २१ आकडे ओळीने लावले होते आणि अकरावा उचलला होता. शाळेत मध्यक काढायला शिकवतात तसाच. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, सेन्सॉर झालेले काढूनच टाकायला हवेत. तसे केले तर उरलेल्या ९ इव्हेंटचा मधला आकडा १० येतो. बरोबर उत्तर २३ आहे. पहिल्या चुकीत १२ जणांचा आजार न उलटताच उलटला असे धरले जाते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण औषधाने ज्यांना सर्वाधिक काळ राखले त्यांनाच ती हिशेबाबाहेर काढते. दोन्ही चुका औषधाला कमी लेखतात. १०, १६ आणि २३ हे तिन्ही आकडे कागदावर शेजारी लिहून ठेवा. स्लाइडवरचा मीडियन कुठून आला अशी शंका आली, की आधी हे तिघे तपासायचे.

मग २३ येतो कसा, ते हाताने काढा. पद्धत कॅप्लन आणि मायर यांची, १९५८ सालची, आणि तिच्यात गुणाकाराच्या पलीकडे काही नाही. ज्या आठवड्यात इव्हेंट झाला तिथेच थांबायचे आणि विचारायचे: या क्षणाच्या अगदी आधी नजरेखाली किती जण होते, आणि त्यातले किती टिकले? सहाव्या आठवड्याला २१ जण होते, ३ जणांचा आजार उलटला, १८ टिकले. १८ भागिले २१, म्हणजे ०.८५७. इथे एक बारीक गोष्ट आहे. ६ आणि ६+ एकाच आठवड्यात आहेत. रिवाज असा की इव्हेंट आधी मोजायचा आणि सेन्सॉरिंग नंतर, म्हणून ६+ वाला रुग्ण त्या २१ जणांत धरायचा. तो आधीच वजा करून छेदात २० घेतले की पुढचे सगळे आकडे सरकतात. हातच्या हिशेबात ही चूक मला वरचेवर दिसते.

सातव्या आठवड्याला नजरेखाली १७ जण, एकाचा आजार उलटला, म्हणून ०.८५७ गुणिले १६/१७, म्हणजे ०.८०७. नवव्या आठवड्याला एक जण सेन्सॉर झाला. तिथे रेघ खाली येत नाही, पण पुढचा छेद एकाने घटतो. दहाव्याला १५ जण, एक इव्हेंट, ०.७५३. तेराव्याला १२ जण, ०.६९०. सोळाव्याला ११ जण, ०.६२७. मग १७+, १९+ आणि २०+ असे तिघे गळतात, म्हणून बाविसाव्या आठवड्याला फक्त ७ जण उरतात. एक इव्हेंट, ०.६२७ गुणिले ६/७, म्हणजे ०.५३८. तेविसाव्याला ६ जण, एक इव्हेंट, ०.४४८. रेघ निम्म्याच्या खाली इथे पहिल्यांदा गेली, म्हणून मीडियन २३ आठवडे.

हे करताना पायरीच्या उंचीकडे लक्ष द्या. सुरुवातीला एका रुग्णामागे रेघ साधारण ५ टक्के उतरत होती, बाविसाव्या आठवड्याला एकाच रुग्णामागे ती जवळजवळ ९ टक्के उतरली. सेन्सॉर झालेल्यांनी रेघ खाली ओढली नाही, पण उरलेल्या प्रत्येकाचे वजन वाढवले. सेन्सॉरिंगचा परिणाम कुठे दिसतो असे कोणी विचारले तर ही उंची दाखवा.

आता आलेख उघडायला हरकत नाही. उभ्या अक्षावर ०.५ पासून आडवी पट्टी ठेवा आणि ती रेघेला जिथे लागते तिथून खाली उतरा. औषधाच्या गटात २३ यायला हवेत. प्लासिबोच्या गटात आठव्या आठवड्याआधी १२ जण, म्हणजे ०.५७१, आणि त्या आठवड्यात ४ जणांचा आजार उलटल्यावर ८ जण, म्हणजे ०.३८१. एकाच उडीत रेघ निम्म्यावरून खाली गेली, तेव्हा मीडियन ८. ‘२३ आठवड्यांत निम्म्या रुग्णांचा आजार उलटला’ असे मात्र बोलू नका. प्रत्यक्षात उलटलेला दिसला तो २१ पैकी ९ जणांचा. २३ हा अंदाज आहे, आणि तो सेन्सॉर झालेल्यांचे पुढे बाकीच्यांसारखेच झाले असते या गृहीतकावर उभा आहे. म्हणून ते का सुटले हे शोधायचे. अभ्यास थांबला तेव्हा ते अजून ठीक होते, एवढेच कारण असेल तर गृहीतक पटण्यासारखे आहे. प्रकृती ढासळली म्हणून लोक यायचे थांबले असतील तर रेघ खोटी उंच दिसते, आणि कोणताही गुणाकार ते दुरुस्त करत नाही.

छोट्या चाचणीत मीडियन किती नाजूक असतो ते एकदा स्वतः अनुभवा. औषधाच्या गटातल्या २३ या आकड्यापुढे पेन्सिलीने अधिकचे चिन्ह काढा, म्हणजे त्या एका रुग्णाचा आजार उलटला नाही, तो फक्त नजरेआड झाला असे समजा. आता रेघ ०.५३८ वर थांबते. पुढचे पाचही जण सेन्सॉर झालेले, त्यामुळे ती पुन्हा उतरतच नाही. मीडियन गाठलाच गेला नाही, असे स्लाइडवर लिहावे लागेल. औषध तेच, बाकीचे २० रुग्ण तेच, आणि ठळक अक्षरातला आकडा एका चिन्हाने नाहीसा झाला. मला हा तक्ता शिकवायला आवडतो तो या क्षणासाठी. म्हणून मीडियनसोबत त्याची ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा वाचायचीच. औषधाच्या गटात ती १६ पासून सुरू होते आणि वरचे टोक मिळतच नाही. प्लासिबोच्या गटात ती ४ ते १२ आहे. ‘२३ विरुद्ध ८’ एवढेच लिहिलेली स्लाइड अर्धी गोष्ट सांगते.

आलेखाखाली नजरेखालच्या रुग्णसंख्येची ओळ असते. बारीक अक्षरात असते म्हणून ती सोडू नका. या तक्त्यासाठी ती स्वतः भरा: ०, १०, २० आणि ३० व्या आठवड्याला औषधाच्या गटात २१, १५, ८, ४ आणि प्लासिबोत २१, ८, २, ०. तेविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत औषधाची रेघ सपाट दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की आता आजार उलटायचा थांबला. त्या सपाट भागाखाली सुरुवातीला ५ माणसे आहेत आणि शेवटी एकच. ओळच नसेल तर रेघेवरच्या छोट्या उभ्या खुणा मोजा, प्रत्येक खूण म्हणजे सेन्सॉर झालेला निदान एक रुग्ण. ३२+ दोनदा आहे, तिथे दोन खुणा एकावर एक बसतात, म्हणून मोजणी १२ ऐवजी ११ येऊ शकते.

सगळ्यात शेवटी संगणकाची तपासणी. आर मध्ये ओळ एवढीच आहे:

```
library(survival)
survfit(Surv(time, status) ~ arm, data = d)
```

इथे `status` मध्ये इव्हेंटला १ आणि सेन्सॉरिंगला ० हवे. उलटे भरले तर औषधाच्या ओळीत चूक सहज लपते, कारण औषधाच्या गटाचा मीडियन तेव्हा २५ येतो. तेवढीच ओळ पाहिली तर २३ च्या जागी २५ पाहून कोणालाच संशय येणार नाही. त्यामुळे मीडियन पाहण्याआधी इव्हेंटची संख्या पाहा. ९ हवेत, १२ दिसले तर कोडिंग उलटे आहे. दुसरी खूण रेघेच्या टोकाशी आहे. बरोबर रेघ ०.४४८ वर हवेत थांबते, कारण शेवटची नोंद ३५+ आहे. उलट्या कोडिंगमध्ये तीच नोंद इव्हेंट होते आणि रेघ पस्तिसाव्या आठवड्याला थेट शून्यावर आदळते.