केशरी पोस्टरवरची न दिसणारी तारीख

कार्यशाळेचं निमंत्रण ईमेलने पाठवायचं होतं. डिझायनरने सगळा मजकूर एकाच चित्रात बसवून दिला होता: केशरी (#FF9800) पार्श्वभूमी, त्यावर पांढरी अक्षरं. मोठ्या पडद्यावर झकास दिसायचं, मोबाईलवर मात्र तारीख शोधावी लागायची.

दोन्ही रंग कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये टाकले. गुणोत्तर आलं जेमतेम २.१६:१. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतं, मोठ्या अक्षरांना ३:१. केशरी तसाच ठेवून अक्षरं काळी केली, तर ९.७:१ च्या आसपास गेलं. डिझायनर थोडा नाराज झाला, पण ब्रँडचा रंग शाबूत राहिला.

आकाराची भानगड वेगळी. ६०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३६० पिक्सेलच्या पडद्यावर आकसतं, तेव्हा त्यातलं १६ पिक्सेलचं अक्षर साडेनऊच्या आसपास उरतं. चित्रात अक्षरं फुगवत बसण्यापेक्षा तारीख, वेळ आणि नोंदणीची लिंक मी ईमेलच्या मजकुरातच लिहिली. तो मजकूर आकसत नाही, आणि वाचणाऱ्याला फॉन्ट वाढवताही येतो.

चित्रात मग फक्त कार्यशाळेचं नाव उरलं. चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या आल्ट टेक्स्टमध्ये आधी फाइलचं नाव होतं. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तेच ऐकवायचा. ते असं बदललं:

```html
<img src="poster.png" alt="छायाचित्रण कार्यशाळा">
```

खालच्या नक्षीच्या पट्टीला `alt=""` दिलं, म्हणजे स्क्रीन रीडर ती गाळतो. हा गुणधर्मच काढून टाकला, तर काही रीडर पुन्हा फाइलचं नाव वाचू लागतात.

पाठवण्याआधी चित्रं बंद करून ईमेल उघडला. नाव, तारीख, लिंक, सगळं जागेवर होतं.