चुकून पुसलेले फोटो परत कसे आणावेत

आई-बाबा, फोनमधला फोटो पुसला गेला तरी तो लगेच नाहीसा होत नाही. गूगल फोटोज त्याला आधी कचरापेटीत ठेवते. ज्या फोटोचा बॅकअप झालेला आहे, म्हणजे ज्याची प्रत गूगल खात्यात जपलेली आहे, तो तिथे 60 दिवस राहतो आणि ज्याचा झालेला नाही तो 30 दिवस, म्हणून शोध शक्य तितक्या लवकर घ्यावा.

समजा, नातवाच्या बारशाचा फोटो पुसला गेला आहे. गूगल फोटोज उघडून खालच्या Collections वर बोट टेकवावे आणि Trash किंवा Bin असे लिहिलेली कचरापेटी उघडावी. बारशाच्या फोटोवर बरोबरची खूण उमटेपर्यंत बोट दाबून धरावे, मग खाली दिसणारे Restore दाबावे. फोटो आपल्या मूळ तारखेच्या जागी परत दिसेल. तिथेच Delete हाही पर्याय असतो, आणि तो दाबल्यास फोटो कायमचा जातो, म्हणून शब्द नीट वाचूनच बोट टेकवावे.

कचरापेटीत फोटो नसेल, तर तो कदाचित फोनच्या स्वतःच्या गॅलरीतून पुसलेला असू शकतो. बऱ्याच फोनमध्ये त्या गॅलरीलाही वेगळी कचरापेटी असते, तीही पाहावी. तोवर फोनमधली जागा रिकामी करण्यासाठी कोणतीही कचरापेटी साफ करू नये.