फाटका ड्रेस आला? रिफंडचं पत्र लिहिताना या चुका टाळा

आमच्या ओळखीत कुणाचंही ऑनलाइन पार्सल बिघडलं की मेल शेवटी माझ्याकडे येतो आणि दरवेळी आत तेच वाक्य असतं, "ड्रेस खराब आला, पैसे परत करा." अहो, खराब म्हणजे काय? रंग आवडला नाही, माप चुकलं की फाटलाय? तुम्ही सांगितलं नाही तर विक्रेता त्याच्या सोयीचा अर्थ घेणार.

माझ्या भाचीचंच बघा. लग्नासाठी जॉर्जेटचा अनारकली मागवला, तर डाव्या काखेखालची शिवण उसवलेली आणि अस्तरावर मशीनच्या तेलाचा डाग. तिने रागाच्या भरात मोठ्ठा मेल ठोकला, "फसवणूक", "कोर्टात खेचते" सगळं लिहिलं, पण शिवणीबद्दल अक्षर नाही. उत्तर आलं, वापरलेला माल परत घेत नाही. मग मी तिला समोर बसवून हे लिहायला लावलं:

"ऑर्डर नंबर अमुक. ड्रेस 12 तारखेला मिळाला, त्याच दिवशी पाकीट उघडलं. डाव्या काखेखालची शिवण चार बोटं उसवलेली आहे, अस्तरावर तेलाचा डाग आहे. ड्रेस घातलेला किंवा धुतलेला नाही, टॅग तसाच आहे, फोटो जोडलेत. एक्स्चेंज नको. पूर्ण 1,850 रुपये मूळ खात्यात परत करा, पिकअप तुमच्या खर्चाने लावा."

फोटोत उसवलेली शिवण आणि टॅग एकाच फ्रेममध्ये घेतले, म्हणजे ड्रेस तोच आहे आणि न वापरलेला आहे हे एकदमच दिसतं. यावेळी पैसे आले.

दुसरी चूक म्हणजे "रिफंड द्या नाहीतर बदलून द्या, काहीही चालेल." असं लिहिलंत की कूपन हातात पडतं आणि तुम्ही ते वापरलंत की रिफंडचा मुद्दाच मागे पडतो. एकच मागणी लिहा, रकमेसकट.

टॅग कापू नका. कुरियरची पिशवी, लेबलसकट, पैसे येईपर्यंत ठेवा. डाग स्वतः धुवून बघू नका.

"नो रिफंड पॉलिसी" वाचून गप्प बसणाऱ्यांचा तर मला फार राग येतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. ॲपवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलेला असतो, त्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. चॅटवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा पत्र सरळ त्याला पाठवा, नियमाचा उल्लेख एका ओळीत करा, धमक्या नकोत. लोकांना तेवढा धीर नसतो, दुसऱ्याच दिवशी ट्विटरवर शिव्या घालतात. महिना उलटूनही काही झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे पुरावा म्हणून हेच मेल लागतात, त्यामुळे फोनवर कुणी काही कबूल केलं असेल तर तेही त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.