कर्ज फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच? या चुका टाळा

शेवटचा हप्ता खात्यातून गेला की गाडी आपली झाली, असं सगळेच धरून चालतात. पण आरटीओच्या नोंदीत ती अजून बँकेकडे गहाणच असते. ही गहाणाची नोंद काढून घेण्याला सोलापुरात साधं ‘एचपी काढणं’ म्हणतात. ही नोंद आपोआप निघत नाही. बँकेची एनओसी आणि गहाण संपल्याचा फॉर्म 35 घेऊन मालकानेच अर्ज करावा लागतो. गाडी विकायला काढली किंवा एक्स्चेंजला शोरूममध्ये नेली की बऱ्याच जणांना ही नोंद आठवते, आणि तोवर एनओसीवरची मुदत संपलेली असते. बऱ्याच एनओसींवर 90 दिवसांची मुदत छापलेली असते, पण ती ओळ कुणी वाचत नाही. मुदत संपली की बँकेकडून नवी एनओसी आणण्याशिवाय मार्ग उरत नाही.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा कागद कमी पडल्यामुळे नव्हे, तर कागद एकमेकांशी न जुळल्यामुळे. म्हणून बँकेतून एनओसी हातात पडली की तिथेच काउंटरवर उभं राहून ती आरसीशेजारी ठेवायची आणि ओळीला ओळ लावून पाहायची. घरी येऊन फाइलमध्ये घातली की चूक सापडते ती थेट आरटीओत.

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी 2019 च्या सुरुवातीला घरच्या वापरासाठी कार घेतली, सात वर्षांच्या कर्जावर, सिंडिकेट बँकेकडून. आरसीवर फायनान्सर म्हणून तेच नाव चढलं. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. हप्ते कटत राहिले, 2026 मध्ये कर्ज फिटलं आणि एनओसी आली ती कॅनरा बँकेच्या लेटरहेडवर. आता आरसीवर एक बँक आणि एनओसीवर दुसरी. काउंटरवरचा माणूस ‘ही एनओसी वेगळ्याच बँकेची आहे’ म्हणाला, तर त्याच्यापुढे असलेल्या कागदांनुसार तो बरोबरच आहे. उपाय सोपा आहे, पण तो बँकेतच होतो: एनओसीच्या मजकुरात ‘पूर्वीची सिंडिकेट बँक, 1 एप्रिल 2020 पासून कॅनरा बँकेत विलीन’ असा उल्लेख मागून घ्यायचा. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक 2020 मध्ये युनियन बँकेत. त्या काळात या बँकांकडून घेतलेली लांब मुदतीची कर्जं आत्ता कुठे संपताहेत, त्यामुळे हा घोळ अजून काही काळ होत राहणार.

याच गृहस्थांच्या एनओसीत दुसरी गोष्ट तपासायची ती चासी नंबर. हा नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे एनओसीवरच्या चासी नंबरात ‘ओ’ दिसला तर बँकेत कुणीतरी शून्याच्या जागी तो टाइप केलाय, हे आरसी न बघताही कळतं. गाडीचा नंबरही नीट पाहा. कर्ज मंजूर होताना गाडीला पक्का नंबर मिळालेला नसतो, त्यामुळे बँकेच्या नोंदीत ती जागा कधीकधी कोरीच राहिलेली असते आणि एनओसीवरही कोरीच छापली जाते. अशी चूक पेनाने दुरुस्त करू नका. खाडाखोड केलेल्या एनओसीपेक्षा चुकीची एनओसी बरी, निदान ती बदलून तरी मिळते.

तिसरं, एनओसी कोणत्या कार्यालयाच्या नावाने आहे? गाडी एमएच 13 ची असेल तर सोलापूर, एमएच 45 ची असेल तर अकलूज. पुण्यातल्या शोरूममधून घेतलेली, एमएच 12 किंवा 14 चा नंबर असलेली गाडी सोलापुरात वर्षानुवर्षं फिरत असली तरी तिची नोंद जिथे आहे तिथल्या कार्यालयाचंच नाव लागतं. बँकेचा माणूस तुमचा आजचा पत्ता बघून ‘सोलापूर’ टाकून मोकळा होतो.

फॉर्म 35 दोन प्रती लागतात आणि दोन्हींवर बँकेची मूळ सही आणि शिक्का हवा. एकावर सही घेऊन दुसरी झेरॉक्स जोडणारे खूप आहेत. मालकाचीही सही लागते, आणि ती जागा रिकामी ठेवून फॉर्म एजंटच्या हाती देऊ नये. माझं मत विचाराल तर, कागद जुळत असतील तर या कामाला एजंटची गरजच नाही.

अर्ज `vahan.parivahan.gov.in` वर होतो. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच अंक टाकून `Hypothecation Termination` निवडायचं. इथे पहिली ठेच लागते ती ओटीपीची. ओटीपी गाडी घेताना दिलेल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर कधीकधी शोरूमच्या सेल्समनचा निघतो! आधी त्याच पोर्टलवर मोबाइल नंबर बदलून घ्या, मग अर्ज भरा. 2021 पासून हे काम आधार पडताळणीने घरबसल्याही करता येतं, पण आरसीवरचं आणि आधारवरचं नाव सारखं असेल तरच. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल, तर पडताळणी फसते. मग अर्जाची प्रिंट आणि मूळ कागद घेऊन आरटीओत जावं लागतं. विमा आणि पीयूसी चालू आहेत ना, हे अर्जाआधीच पाहून घ्या.

नवं स्मार्ट कार्ड पोस्टाने येतं, तेही आरसीवरच्या पत्त्यावर. साखर पेठेतलं घर सोडून जुळे सोलापुरात राहायला गेलात आणि आरसीवर जुनाच पत्ता असेल, तर कार्ड परत जातं. पत्ता बदलायचा अर्ज आधी करा.

बँकच एनओसी द्यायला टाळाटाळ करत असेल तर आधी खात्यात काही बाकी दिसतेय का ते विचारा. चेक बाउन्सचा दंड किंवा उशिरा भरलेल्या हप्त्याचं व्याज, अशी पाचपन्नास रुपयांची बाकीसुद्धा कर्ज बंद होऊ देत नाही. बाकी शून्य असूनही कागद मिळत नसतील, तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा. 1 डिसेंबर 2023 पासून, वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आहेत आणि बोजा उतरवायचा आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. मात्र धंद्याच्या टेम्पोवर किंवा ट्रकवर घेतलेलं कर्ज वैयक्तिक कर्जात धरलं जात नाही. मागणी तोंडी न करता लेखी करा आणि पोच घ्या.

काम झालं की नाही, हे अर्ज मंजूर झाल्याच्या मेसेजवर ठरवू नका. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी पुन्हा उघडा. फायनान्सरच्या जागी बँकेचं नाव नसायला हवं. मग त्या आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवरचंही बँकेचं नाव काढून घ्या. ते राहिलं आणि उद्या गाडी चोरीला गेली, तर कर्ज फिटलेलं असूनही क्लेमच्या पैशांसाठी कंपनी पुन्हा त्याच बँकेची एनओसी मागेल.