टोलवर फास्टॅग चालला नाही तर रोख काढू नका

टॅग वाचला गेला नाही की मागून हॉर्न सुरू होतात आणि माणूस घाईने नोटा पुढे करतो. नेमके तेच महागात पडते.

15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर टॅग नसलेल्या किंवा न चालणाऱ्या गाडीला रोखीत दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट टोल लागू झाला. म्हणजे टोल 100 रुपये असेल तर रोखीत 200, यूपीआयने 125. म्हणून:

1. नाका दिसताच वेग कमी करा आणि पुढच्या गाडीपासून एका गाडीइतके अंतर ठेवा. अगदी चिकटून उभे राहिलात तर यंत्र कोणता टॅग वाचतेय याचा घोळ होतो.

2. अडथळा उघडला नाही तर आधी शिल्लक दाखवा. टॅग चालू आहे, पैसेही आहेत आणि बिघाड नाक्याच्या यंत्रात आहे, तर टोल न भरता पुढे जायचा तुमचा हक्क आहे. शून्य रकमेची पावती मागून घ्या. शांतपणे, पण ठामपणे मागा. ऐकलेच नाही तर 1033 वर तक्रार करा.

3. टॅगच नसेल किंवा ब्लॅकलिस्ट झाला असेल, तर यूपीआयनेच भरा. फोन शेजारच्याच्या हातात तयार असू द्या, रांग खोळंबत नाही.

टॅग हातात धरून दाखवू नका, काचेला आतून नीट चिकटवा; सुटा टॅग ब्लॅकलिस्ट होऊ शकतो. आणि काहीही झाले तरी लेनमधून गाडी रिव्हर्स घेऊ नका. मागे ट्रक असतो, आणि त्याच्या चालकाला तुमची छोटी गाडी दिसेलच असे नाही.