डॉक्टरांनी गोळी बदलली. आता जुनी रिफिल थांबवायची तयारी

अमेरिकेत आईवडिलांची किंवा सासूसासऱ्यांची औषधं आपण सांभाळत असू, तर डॉक्टरांनी गोळी बदलली की फार्मसीतली जुनी गोळी आपोआप बंद होईल असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं. आमच्या आईंना (म्हणजे सासूबाईंना) रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल १० मिलिग्रॅम चालू होती. रात्री कोरडा खोकला सुरू झाला. तो या जातीच्या गोळ्यांचा ठरलेला त्रास आहे, म्हणून डॉक्टरांनी २० मे रोजी ती बंद करून लोसार्टन ५० मिलिग्रॅम दिली. त्याच दिवशी जुनी बाटली मी बाजूला काढली. काम संपलं असं वाटलं.

लिसिनोप्रिलच्या ९० गोळ्या आम्ही १० मार्चला आणल्या होत्या. रोज एक या हिशेबाने त्या ७ जूनला संपायच्या. फार्मसीच्या ऑटो-रिफिलला मात्र डॉक्टरांच्या खोलीत काय ठरलं याचा पत्ताच नसतो, ते तारखेवर चालतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी, ३१ मे रोजी, औषध तयार असल्याचा मेसेज आला. रविवारी, २ जूनला, नवऱ्याने येताजाता पिशवी उचलली. ओळखीचं नाव, ओळखीची बाटली. आठवड्याचा डबा तोच भरतो, त्यामुळे प्रत्येक कप्प्यात लोसार्टनच्या शेजारी लिसिनोप्रिलही जाऊन बसली.

आठवड्याभरात दोन गोष्टी दिसल्या. जवळपास गेलेला खोकला परत आला आणि आईंना पलंगावरून उठताना गरगरायला लागलं. खोकल्यानेच मला संशय आला. जी गोळी बंद आहे तिचा त्रास परत कसा येतो? डबा उघडला तर उत्तर समोर होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लिसिनोप्रिल लगेच थांबवायला सांगून रक्त तपासलं. पोटॅशियम थोडं वर गेलं होतं. ते पुढे खाली आलं. ही दोन्ही औषधं शरीरातल्या एकाच साखळीवर वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. एकत्र घेतली तर दाब फार उतरू शकतो, पोटॅशियम चढू शकतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. या दोन जातींची औषधं जोडीने देऊन जास्त फायदा होतो का, हे ऑनटार्गेट नावाच्या मोठ्या चाचणीत तपासलं होतं. तिचे निष्कर्ष २००८ साली आले: फायदा वाढला नाही, त्रास वाढला.

म्हणून आता आमच्या घरी औषध बदललं की तयारी डॉक्टरांच्या खोलीतच सुरू होते. खुर्चीवरून उठण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही नवी गोळी जुनीच्या जागी आहे, की जुनीच्या जोडीला? उत्तर उघड वाटलं तरी विचारायचा, कारण रक्तदाब आणि साखर या दोन्हींत जोडीला गोळी देणंही तितकंच नेहमीचं असतं. जागी असेल तर पुढचं वाक्य: जुनीचं कॅन्सलेशन फार्मसीला पाठवाल का? नवं प्रिस्क्रिप्शन संगणकावरून फार्मसीत जातं हे आपल्याला माहीत असतं. जुनं रद्द करण्याचा निरोप मात्र वेगळा असतो, त्याला कॅन्सलआरएक्स म्हणतात. डॉक्टरांनी आपल्या यादीतून गोळी काढली म्हणजे तो निरोप गेलाच असं नाही. काही ठिकाणी तो जातो, काही ठिकाणी जातच नाही. निघताना मिळणाऱ्या कागदावर बंद केलेल्या औषधांचा वेगळा रकाना असतो. त्यात जुन्या गोळीचं नाव आलंय ना, हे तिथेच उभं राहून बघा. फोनवर भांडायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

घरी आल्यावर जुनी बाटली फेकायची घाई करू नका, तिच्यावरचा आरएक्स नंबर हवा असतो. माझं डोकं सगळ्यात उशिरा उघडलं ते इथे. ऑटो-रिफिल औषधाच्या नावाला जोडलेलं नसतं, त्या नंबराला जोडलेलं असतं. नव्या प्रिस्क्रिप्शनला नवा नंबर मिळतो आणि जुना नंबर आपल्या उरलेल्या रिफिलांसह फार्मसीच्या यादीत तसाच राहतो. आईंच्या बाटलीवर दोन रिफिल बाकी होत्या, म्हणजे आणखी १८० गोळ्या घरी यायच्या रांगेत होत्या. नंबर, औषधाचं नाव, ताकद आणि उरलेल्या रिफिल, एवढं एका चिठ्ठीवर लिहून घ्या. बाटलीवर फार्मसीचं नावही नीट वाचा. पुष्कळांची नेहमीची औषधं विमा कंपनीच्या टपाल-फार्मसीतून तीन-तीन महिन्यांची येतात आणि नवं औषध डॉक्टर घराजवळच्या दुकानात पाठवतात. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दुकानाला सांगून काही होत नाही, पार्सल यायचं ते येतंच.

आता फोन. यंत्राच्या आवाजाशी बोलण्यात वेळ घालवू नका, फार्मसीतल्या माणसाशी बोलायचा पर्याय निवडा. रुग्णाची जन्मतारीख विचारतात, ती तोंडावर हवी. शक्य असेल तर रुग्णालाच शेजारी बसवा म्हणजे परवानगीचा घोळ होत नाही. आमच्या आई फोनवर 'येस, माय डॉटर-इन-लॉ विल टॉक' एवढं ऐटीत सांगतात आणि परत चहाकडे वळतात.

फोनवर दोन कामं सांगायची असतात आणि ती वेगळी आहेत. पहिलं, या नंबराचं ऑटो-रिफिल बंद करा. दुसरं, हे प्रिस्क्रिप्शनच डिसकंटिन्यू करा, डॉक्टरांनी औषध थांबवलं आहे. बहुतेक लोक पहिल्यावर थांबतात. अ‍ॅपमधलं बटण दाबूनही तेवढंच होतं. पण ऑटो-रिफिल बंद केलेलं प्रिस्क्रिप्शन यादीत जिवंत असतं. पुढच्या महिन्यात कोणी घाईत सगळ्या औषधांची रिफिल एकदम मागवली की तेही पिशवीत येऊन बसतं. शिवाय रिफिल संपल्या की फार्मसी स्वतःहून डॉक्टरांच्या दवाखान्याला नूतनीकरणाची विनंती पाठवू शकते, आणि दिवसभरात अशा ढीगभर विनंत्या हाताळणाऱ्या कुणाकडून ती मंजूरही होऊन जाऊ शकते. डिसकंटिन्यू हा शब्द म्हणून महत्त्वाचा. डॉक्टरांशी खात्री करून घेतो असं फार्मासिस्ट म्हणाले तर ते योग्यच आहे. तुम्ही फक्त केव्हा परत फोन करू ते विचारा. शेवटी, आता यादीत कोणती औषधं चालू दिसतात ते त्यांना वाचून दाखवायला सांगा आणि आपल्या चिठ्ठीशी ताडून बघा.

फोन करेपर्यंत जुनी पिशवी तयार झालीच असेल तर ती उचलू नका. 'हे औषध बंद आहे, परत घ्या आणि विम्याचं बिल उलटवा' असं काउंटरवर सांगा. न उचललेली पिशवी ते फळीवर परत ठेवू शकतात. एकदा ती दुकानाबाहेर पडली की बाटली उघडलेली नसली तरी सहसा परत घेत नाहीत. त्या एका रविवारी नवऱ्याने काउंटरवरच पिशवी उघडून बाटलीवरचं नाव वाचलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता तो वाचतो. मागे रांग लागली तरी.

औषध तेच आणि फक्त ताकद बदलली, तर गोंधळाची जात वेगळी. समजा लोसार्टन ५० ची १०० झाली. जुन्या ५० चं बिल विम्याकडे नुकतंच गेलेलं असेल, तर १०० च्या वेळी विमा 'इतक्या लवकर रिफिल नाही' म्हणून नकार देऊ शकतो. संगणकाला दोन्ही लोसार्टनच दिसतात. डोस बदललाय हे फार्मासिस्टना सांगितलं की ते तशी नोंद करून बिल परत पाठवू शकतात. आणि जुन्या ५० च्या दोन गोळ्या मिळून १०० होतात म्हणून आधी त्या संपवायचा मोह झालाच, तर डॉक्टरांना विचारून आणि बाटलीवर मार्करने ठळक लिहूनच. घरात ५० आणि १०० च्या बाटल्या शेजारी शेजारी राहिल्या की कधीतरी १०० च्या दोन जातातच.

सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या एकत्र बांधून येणारी छोटी पाकिटं घेत असाल, तर जुनी गोळी आधीच बांधलेल्या प्रत्येक पाकिटात असते. ती रोज घरी निवडून काढायची जबाबदारी ऐंशीच्या माणसावर टाकू नका, पाकिटं बदलून मागा.

भारतातून आणलेल्या औषधांचा डबाही याच वेळी उघडा. तो कुठल्याच फार्मसीच्या संगणकात नसतो. आईंच्या बॅगेत टेल्मीसार्टनच्या चार पट्ट्या निघाल्या, 'इथली संपली तर असू देत' म्हणून आणलेल्या. नावाची शेपटी बघायची सवय लावा: 'सार्टन'ने संपणारी दोन नावं, किंवा एक 'प्रिल' आणि एक 'सार्टन' एकाच घरात एकाच माणसासाठी दिसली, तर डबा भरण्याआधी फार्मासिस्टना फोन. दोन्ही पोटात गेल्याचं नंतर कळलं, तर डॉक्टरांना किंवा पॉयझन कंट्रोलच्या १-८००-२२२-१२२२ या नंबरवर विचारा. तो नंबर अमेरिकेत दिवसरात्र चालू असतो. माणूस बेशुद्ध पडला असेल तर थेट ९११.

एवढं झालं की कॅलेंडरवर एकच नोंद करायची, जुन्या गोळ्या ज्या दिवशी संपल्या असत्या त्याच्या दहा दिवस आधीची. आमच्या बाबतीत ती २८ मे झाली असती. त्या सकाळी अ‍ॅप उघडून जुना नंबर यादीत दिसतो का ते बघायचं, दिसला तर परत फोन. गोळ्या संपायची तारीखही मेसेजशिवाय उलटली आणि टपालानेही काही आलं नाही, की जुनी बाटली ड्रॉवरमधून काढायची, नाव-नंबराचं लेबल खरवडायचं आणि उरलेल्या गोळ्या फार्मसीतल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाकायच्या. आमच्या बाटलीत १९ उरल्या होत्या.