२, ३, ५, ७ यांपैकी कशानेही भाग न जाणारी संख्या: उत्तर २२ ऐवजी २५ येत असेल तर या चुका टाळा

१ ते १०० या संख्यांमधून एक संख्या यादृच्छिक रीतीने निवडली, तर तिला २, ३, ५ आणि ७ यांपैकी एकाही मूळ संख्येने निःशेष भाग न जाण्याची संभाव्यता किती, हा समावेश-वर्जन तत्त्वाचा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे अचूक उत्तर २२/१०० आहे. वह्यांमध्ये मात्र ०.२२८६ आणि ०.२५ ही दोन उत्तरेही वारंवार दिसतात, आणि त्यांतले दुसरे अधिक फसवे आहे.

आधी योग्य मांडणी पाहू. १०० पर्यंत २, ३, ५, ७ यांचे पट अनुक्रमे ५०, ३३, २० आणि १४ आहेत. त्यांची बेरीज ११७ होते. दोन मूळ संख्यांनी एकाच वेळी भाग जाणाऱ्या संख्या यात दोनदा मोजल्या गेल्या, म्हणून ६, १०, १४, १५, २१ आणि ३५ यांचे पट, म्हणजे १६, १०, ७, ६, ४ आणि २, मिळून ४५, परत मिळवायचे. ३०, ४२, ७० आणि १०५ यांचे ३, २, १ आणि ० असे ६ पट पुन्हा वजा करायचे आणि २१० चे ० पट मिळवायचे. १०० − ११७ + ४५ − ६ + ० = २२. वाटेतले आकडे −१७, २८ आणि २२ असे आलटून पालटून खऱ्या उत्तराच्या खाली-वर जातात, म्हणून उत्तर ऋण आले तर पुढची पदे घ्यायची राहिली आहेत हे लगेच कळते.

आता २५ कुठून येते ते पाहू. १०० ला ६ ने भागल्यावर १६.६७ मिळतात आणि सवयीने त्याचे १७ केले जातात. परंतु ६ चा सतरावा पट १०२ आहे, तो मर्यादेत नाहीच. याच रीतीने १५ साठी ७, २१ साठी ५, ३५ साठी ३ आणि १०५ साठी ०.९५ चा १ घेतला, तर जोड्यांची बेरीज ४९ आणि त्रिकुटांची ७ होते, व १०० − ११७ + ४९ − ७ = २५ असे उत्तर येते. योगायोगाने १०० पर्यंतच्या मूळ संख्याही २५ च आहेत, त्यामुळे विद्यार्थी हा आकडा ओळखीचा समजून पडताळणी झाली असे मानतो. प्रत्यक्षात या मोजणीत २, ३, ५, ७ स्वतः वगळल्या जातात आणि मूळ नसलेली १ मात्र राहते, म्हणून २५ − ४ + १ = २२ हाच खरा मेळ आहे. संगणकावर पायथॉनमध्ये काम करत असाल, तर प्रत्येक पदासाठी `round(N/d)` न वापरता `N//d` वापरावे. अपूर्णांक आधी मिळवून शेवटी एकदाच पूर्णांक घेणे हेही चूकच आहे, कारण तो योगायोगाने जुळला तरच जुळतो.

उरलेले चुकीचे उत्तर, ०.२२८६, हे (१/२)(२/३)(४/५)(६/७) = ८/३५ या गुणाकारातून येते. मर्यादा २१० च्या पटीत असेल, तर हा गुणाकार नेहमीच तंतोतंत खरा असतो: १ ते २१० मध्ये अशा संख्या नेमक्या ४८ आहेत. याच गोष्टीतून एक सुंदर पडताळणी मिळते. n आणि २१० − n या दोन्हींचे वर्तन सारखेच असते, म्हणून १०५ पर्यंत ४८ च्या निम्म्या, म्हणजे २४ संख्या असल्या पाहिजेत; त्यांतून १०१ आणि १०३ वगळल्या की २२ उरतात.

गुणाकार कधीच वापरू नये असे मात्र नाही. चार मूळ संख्यांसाठी एकूण १६ पदे आहेत. पहिल्या पदात त्रुटी नसते, उरलेल्या पंधरांत प्रत्येकी १ पेक्षा कमी त्रुटी असते आणि चिन्हे विरुद्ध असल्याने मोजणीतील फरक ८ च्या आतच राहतो. मर्यादा दहा लाख असेल, तर संभाव्यतेतील फरक ०.०००००८ पेक्षा कमी असतो, आणि एवढ्यासाठी पंधरा भागाकार करण्यात अर्थ नाही.

मूळ संख्यांऐवजी ४ आणि ६ अशा संख्या दिल्या असतील, तर मात्र गुणाकार २४ न घेता लसावि १२ घ्यावा. १०० पर्यंत दोन्हींचे सामाईक पट ८ आहेत, ४ नाहीत.

खरी अडचण मर्यादेबरोबर मूळ संख्याही वाढवत नेल्यास येते. २५ मूळ संख्यांसाठी पदे ३ कोटींहून अधिक होतात, जरी ज्यांचा गुणाकार मर्यादेबाहेर जातो ती सगळी शून्य असतात. आणि मर्यादेच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्या घेऊन गुणाकारावरच विसंबलो, तर गणितज्ञ मर्टेन्स यांच्या १८७४ च्या निष्कर्षानुसार तो अंदाज, मर्यादा वाढत जाते तसतसा, खऱ्या प्रमाणापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होण्याकडे झुकतो. तेथे लहान-लहान त्रुटी एकमेकींना खोडून टाकत नाहीत.